चाळिशीच्या चष्म्याचा ताळेबंद

सामाजिक उद्योगाचे आराखडे वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. पुढच्या पानांवर किती लोकांचं भलं होणार याचे आकडे असतात, शेवटच्या पानांवर जमाखर्चाचं कोष्टक असतं आणि या दोन्हींची कुठे गाठच पडत नाही. खरं तर आराखड्याचा जीव त्या गाठीतच असतो. एक नमुना घेऊन पाहू. त्यातले पैशांचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत.

समजा, एका तालुक्यातला महिलांचा संघ गावोगावी चाळिशीचे तयार चष्मे विकणार आहे. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, मग सुईत दोरा ओवणं, धान्य निवडणं, शिवणकाम अवघड होतं. याचा कमाईशी थेट संबंध आहे, याला पुरावाही आहे. आसाममधल्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. आराखड्यात हा अभ्यास जरूर द्यावा, पण ‘आमच्या ग्राहकांचं उत्पन्न २२ टक्क्यांनी वाढेल’ असं लिहू नये. चहा खुडणारी बाई आणि गोधडी शिवणारी बाई यांचं काम वेगळं, मजुरीची पद्धतही वेगळी.

आता हिशेब. चष्मा ६० रुपयांना घ्यायचा, १५० ला विकायचा, विकणाऱ्या ताईला ४० रुपये कमिशन. संघाकडे उरले ५०. समन्वयकाचं मानधन, प्रवास, भाडं आणि हिशेबनीस मिळून महिन्याला २५,००० रुपये खर्च. म्हणजे महिन्याला ५०० चष्मे विकले की ना नफा ना तोटा.

इथे बहुतेक जण थांबतात आणि परिणामाच्या रकान्यात ‘५०० लाभार्थी’ लिहून मोकळे होतात. पण ५०० ही विक्री झाली. त्यातल्या कितींचा तो पहिलाच चष्मा होता? ज्याचा जुना फुटला म्हणून त्याने नवा घेतला, त्याला तो बाजारातही मिळालाच असता. आणि तीन महिन्यांनी कितीजण तो वापरतात? हे कळण्यासाठी ताईने विक्रीच्या वेळीच पावतीवर एक खूण करायची: पहिला की बदली. मग तीन महिन्यांपूर्वीच्या पावत्यांतून दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून ५० नावं काढायची आणि त्या घरी जाऊन यायचं. ‘चष्मा वापरता का?’ असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा ‘चष्मा आणता का जरा?’ म्हणावं. तो माळ्यावरून धूळ झटकत आला की उत्तर मिळालं. विकलेल्या ताईने स्वतःच्या गिऱ्हाइकाकडे मात्र जाऊ नये, दुसऱ्या गावच्या ताईला पाठवावं.

या भेटींना पैसे लागतात. भेटीमागे ४० रुपये धरले तर महिन्याला २,०००. म्हणजे खर्च २७,००० आणि बरोबरीसाठी विक्री ५४०. मोजण्याचा खर्च आराखड्यात न धरणं ही फार नेहमीची चूक आहे. अनुदान संपलं की पहिली बंद पडते ती मोजणीच.

५४० पैकी ६० टक्क्यांचा चष्मा पहिला आणि त्यातले ७० टक्के तो खरोखर वापरतात असं धरलं, तर खरा परिणाम सुमारे २२७ माणसं. महिन्याचा एकूण खर्च ८१,००० रुपये, म्हणजे माणशी साधारण ३५७. पैसा आणि परिणाम प्रथमच एका ओळीत आले, ते या आकड्यात.

त्याचा खरा उपयोग ओढाताण सुरू झाल्यावर होतो. ताई हळूहळू तालुक्याच्या बाजारात बसू लागतात, कारण तिथे गिऱ्हाईक चालून येतं. विक्री ८०० वर जाते, महिन्याला १३,००० रुपये उरतात आणि सगळे खूश होतात. पण बाजारात पहिला चष्मा घेणारे ३० टक्केच निघाले, तर परिणाम १६८ वर येतो आणि माणशी खर्च ३५७ वरून ६३७ रुपयांवर जातो. नुसत्या जमाखर्चात हे कधीच दिसलं नसतं.

म्हणून आराखड्यात मर्यादा आधीच लिहावी: पहिल्या चष्म्याचं प्रमाण सलग दोन तिमाह्या ५० टक्क्यांखाली राहिलं, तर गावातल्या विक्रीवर कमिशन ५५ आणि बाजारातल्या विक्रीवर ३० रुपये. बाजार बंद करायची गरज नाही, त्याच्या शिलकीवर दूरच्या गावांचा खर्च निघू शकतो. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं, ते असंच उभं राहिलं: पैसे देणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून मोफत किंवा अल्पदरातल्या शस्त्रक्रिया.

एक गोष्ट या हिशेबात बसत नाही. मोतीबिंदू असलेल्या माणसाला हा चष्मा देऊन उपयोग नाही, त्याला दवाखान्यात पाठवावं लागतं. त्यात ताईचा वेळ जातो आणि विक्री होत नाही. अशा प्रत्येक माणसामागे, तो दवाखान्यात पोहोचल्यावर, ताईला ठरलेली रक्कम द्यावी आणि ती खर्चात उघड दाखवावी. नाहीतर मोतीबिंदूवाल्यालाही चष्माच विकला जाईल.