प्रतिकृतीच्या भिंती आणि छपाईयंत्राची नळी



त्रिमिती छपाईयंत्रे आता पुष्कळ शाळांतून आणि कारखान्यांतून दिसू लागली आहेत, आणि इंटरनेटवरून आयते मॉडेल उतरवून घेऊन ते छापणे ही गोष्ट शाळकरी मुलालाही जमते. तरीही अशा आयत्या मॉडेलांपैकी बरीच पहिल्या प्रयत्नात फसतात. दोष यंत्राचा आहे असे मानून मालक नळी साफ करतो, तापमान बदलतो, प्लास्टिकच्या तारेचे नवे रीळ आणतो. दोष बहुधा मॉडेलाच्या जाडीत असतो. पडद्यावर जी वस्तू भरीव आणि धडधाकट दिसते, तिचा एखादा भाग यंत्राला काढताच येणार नाही इतका पातळ असतो, आणि पडद्यावरचे चित्र कितीही मोठे करता येत असल्यामुळे तो पातळपणा डोळ्यांना कळत नाही.

प्रथम यंत्राची मर्यादा पाहू. घरगुती यंत्रात वितळलेले प्लास्टिक ज्या नळीतून बाहेर येते तिच्या तोंडाचा व्यास सामान्यतः ०.४ मि.मी. असतो. तिच्यातून पडणारी रेघ साधारण ०.४५ मि.मी. रुंदीची ठरवलेली असते, आणि एकेक थर ०.२ मि.मी. उंचीचा असतो. रांगोळीच्या चिमटीतून पडते त्यापेक्षा बारीक रेघ जशी काढता येत नाही, तसेच हे आहे. भिंत दोन शेजारशेजारच्या रेघांची असली म्हणजे तिला जीव येतो. दोन रेघा एकमेकींत किंचित दबून बसतात, म्हणून त्यांची मिळून जाडी ०.९ न भरता ०.८६ मि.मी. भरते. प्रुसास्लायसर या प्रोग्रॅमात हा आकडा रेघांच्या संख्येनुसार लिहूनच दाखवलेला असतो. चार रेघांची भिंत १.६७ मि.मी. भरते. आजच्या सगळ्या हिशेबात हा ०.८६ चा आकडा आपल्याला मापदंड म्हणून पुरेल.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका दुमजली घराचे मॉडेल उतरवून घेतले आहे. घर १२ मीटर लांब, ९ मीटर रुंद. पुढे सज्जा, खिडक्यांवर छज्जे, वर उतरते छप्पर. ते ज्याने काढले त्याने ते पडद्यावर दाखवण्यासाठी काढले, छापण्यासाठी नव्हे. आपल्याला त्याची १:१०० ची प्रतिकृती हवी आहे, म्हणजे १२० मि.मी. लांबीची. एसटीएल या प्रकारच्या फायलीत एककच लिहिलेले नसते, नुसते आकडे असतात. काढणाऱ्याने मीटर धरून १२ लिहिले, की स्लायसर ते १२ मि.मी. समजतो आणि आगपेटीत मावेल एवढे घर पुढे ठेवतो. म्हणून ते दसपट करावे लागते. ही दसपट आधी करून घ्यावी आणि मगच जाडी तपासावी. जाडी तपासून झाल्यावर माप बदलले तर तो सगळा तपास फुकट जातो, आणि ही चूक फार सर्रास होते.

या घराच्या भागांची जाडी १०० ने भागून पाहा. बाहेरची विटांची भिंत नऊ इंची, म्हणजे २३० मि.मी.; ती झाली २.३. आतली साडेचार इंची भिंत झाली १.१५. या दोन्ही निर्धास्त छापता येतात. छज्जा ७५ मि.मी. जाड, तो झाला ०.७५. सज्जाच्या कठड्याचे गज १६ मि.मी.चे; ते झाले ०.१६. छप्पर तर काढणाऱ्याने नुसता पृष्ठभाग म्हणून काढले आहे. त्याला जाडीच नाही. एकाच घरात तीन प्रकारचा पातळपणा आहे, आणि तिघांना तीन निराळे इलाज करावे लागतात.

हे भाग शोधायचे कसे? ब्लेंडर हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम येथे उपयोगी पडतो. त्यात `3D Print Toolbox` नावाची जोडणी आहे. २०२४ साली आलेल्या ४.२ आवृत्तीपासून ती सोबत येत नाही, निराळी उतरवून घ्यावी लागते. एकके मिलिमीटर करावीत, `Unit Scale` ०.००१ ठेवावे, मॉडेल दसपट करून `Ctrl+A` ने ते माप पक्के करावे. मग `Thickness` च्या पुढे ०.८६ लिहून तपासणी करावी. प्रोग्रॅम काय करतो तर प्रत्येक पृष्ठावरून आतल्या दिशेने एक किरण सोडतो आणि तो किती अंतरावर पलीकडच्या पृष्ठाला अडतो ते मोजतो. अंतर कमी भरले की ते पृष्ठ `Thin Faces` मध्ये जमा होते, आणि त्यावर टिचकी मारली की मॉडेलावर नेमके उजळून दिसते.

ही रीत समजून घेतली म्हणजे तिचे दोषही समजतात. एखाद्या पृष्ठाची आत-बाहेरची बाजू उलटी झालेली असेल, तर किरण घराबाहेर जातो आणि पातळ भाग जाड ठरतो. म्हणून तपासणीपूर्वी सगळी पृष्ठे निवडून `Shift+N` ने बाजू सुधारून घ्याव्यात. उलट, तुळई भिंतीत घुसवून तशीच ठेवलेली असेल, तर भिंतीतून निघालेला किरण तुळईच्या पृष्ठाला अडतो आणि चांगली जाड भिंत पातळ म्हणून दाखवली जाते. धारदार कडांपाशीही असेच होते, कारण पाचरीच्या टोकाला जाडी शून्याकडे जाणारच. उजळलेल्या प्रत्येक जागेला हात लावायचा नसतो. तेथे प्रत्यक्ष काय आहे ते पाहावयाचे असते. जाडी नसलेल्या छपराच्या बाबतीत मात्र हा किरण भरवशाचा नाही, कारण पलीकडे अडायला काहीच नसते. त्यासाठी त्याच जोडणीतली `Solid` ही तपासणी करावी. तिच्यात उघड्या कडा मोजल्या जातात आणि छपराच्या पागोळीची कड लगेच सापडते.

छपराचा इलाज सोपा. ते निवडून निराळे करावे आणि त्याला `Solidify` लावून जाडी १.२ मि.मी. द्यावी. जाडी वर वाढावी की खाली हे `Offset` ने ठरते. खाली वाढली तर ती भिंतीच्या माथ्यात थोडी घुसते. त्याने बिघडत नाही, स्लायसर दोन्ही एकजीव धरतो. पण हेच `Solidify` आधीच बंदिस्त असलेल्या भागाला लावले, तर तो भाग अपेक्षेप्रमाणे जाड होत नाही, उलट त्याला आतून आणखी एक कवच येते. पुष्कळ लोक कठड्याच्या गजांवर ते लावून पाहतात आणि चकित होतात.

छज्ज्याची जाडी उभी मोजायची आहे, म्हणून तेथे रेघेचा हिशेब चालत नाही, थराचा चालतो. ०.७५ मध्ये ०.२ चे पावणेचार थर बसतात. यंत्र पावणेचार थर घालू शकत नाही, ते कोठे तीन घालील, कोठे चार. तो सरळ १.० करावा, पाच थर नीट बसतात. भिंतीबाहेर तो ६ मि.मी. आलेला असल्यामुळे खाली आधार द्यावा लागेलच.

खरी कसोटी कठड्याची. २०२२ नंतरच्या स्लायसरांत रेघेची रुंदी जागेप्रमाणे कमीजास्त करण्याची सोय आहे. तीत ०.१ मि.मी. पेक्षा बारीक भाग गाळला जातो, आणि त्याहून जाड पण रेघेहून बारीक असलेला भाग ओढून सुमारे ०.३४ पर्यंत रुंद केला जातो. आपला ०.१६ चा गज म्हणून पडद्यावर छापला जाताना दिसेल. पण ०.३४ चा उभा गज म्हणजे एकावर एक ठेवलेले प्लास्टिकचे ठिपके. खालचा ठिपका थिजण्यापूर्वी नळी वरचा ठेवायला येते आणि जाता जाता त्याला लोटते. जुन्या रीतीच्या स्लायसरात तर हे गज गुपचूप नाहीसे होतात, आणि हातातली वरची पट्टी हवेत छापली जाऊन तिच्या तारा लोंबू लागतात.

तेव्हा गज ०.८६ चे करावयाचे. सगळे गज निवडून, प्रत्येक स्वतःच्या मध्याभोवती वाढेल अशी व्यवस्था करून, म्हणजे `Individual Origins` धरून, उंची सोडून बाकी दोन दिशांना ५.३७५ पट करावे. मूर्तीचे बोट किंवा झाडाची फांदी असा वाकडातिकडा भाग असता तर `Alt+S` ने तो फुगवला असता. तेथे `Offset Even` चालू ठेवावे लागते, नाहीतर कोपऱ्याचे बिंदू तिरके सरकतात आणि बाजू लिहिलेल्या मापापेक्षा कमी सरकते.

पण एवढ्याने भागत नाही. खऱ्या घरात गज १०० मि.मी. अंतरावर होते, प्रतिकृतीत त्यांच्या मध्यांतील अंतर १ मि.मी. आहे. गज ०.८६ चे झाले की मधली फट उरली ०.१४ ची. ती यंत्राला राखता येणार नाही, दोन्हीकडचे प्लास्टिक मिळून कठड्याची सलग भिंत होईल. जाडी वाढवताना पोकळी कमी होते हे ध्यानात न घेतल्यामुळे कितीतरी जाळ्या बुजून गेलेल्या आहेत. म्हणून एकाआड एक गज काढून टाकावा. ३ मीटरच्या सज्जावर तीसच्या जागी पंधरा गज राहतील आणि फट १.१४ ची होईल, ती मोकळी राहते.

येथे कोणी विचारील की मग ती प्रतिकृती कसली? प्रश्न रास्त आहे. ०.८६ म्हणजे मूळ मापात ८६ मि.मी.; लोखंडी गजाऐवजी लाकडी खांबांचा कठडा असावा तसा तो दिसेल. माझे मत असे की कठडा कठड्यासारखा दिसणे हे त्याच्या मापाहून महत्त्वाचे. मात्र भिंती, मजल्याची उंची आणि खिडक्यांच्या जागा यांना हात लावू नये. प्रतिकृती कोणाला बांधकाम समजावण्यासाठी असेल, तर कठडा वाढवलेला आहे असे खाली चिठ्ठीवर लिहावे.

याहून चांगला मार्गही आहे. कठडा घरापासून तोडून निराळा करावा आणि तो पाटावर आडवा निजवून छापावा. उभ्या गजात थरांचे जोड आडवे येतात आणि बोट लागताच जोडावर तुकडा पडतो. निजवलेल्या गजात रेघ गजाच्या लांबीबरोबर धावते, म्हणून तोच ०.८६ चा गज लवतो पण तुटत नाही. सज्जात त्याच्यासाठी खाच ठेवावी, कठड्याच्या जाडीहून ०.२ मि.मी. रुंद, आणि मग तो गोंदाने बसवावा.

एवढे झाल्यावर स्लायसरातले थरांचे चित्र उघडावे आणि सरकपट्टी खालपासून वरपर्यंत हळूहळू ओढावी. प्रत्येक भिंतीत दोन रेघा दिसतात काय, गज कोणत्या थराला नाहीसा होतो काय, छज्ज्याचे पाच थर आहेत काय, हे पाहावे. शंका असेल त्या भागाभोवतीचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा तेवढा कापून आधी छापावा. थंड झाल्यावर तो नखाने दाबावा. थरांच्या सांध्यावर सरळ फुटला तर भाग अजून पातळ आहे किंवा चुकीच्या दिशेने उभा केला आहे. किंचित वाकून परत आला तर सबंध घर छापायला लावावे.