पडदा कुठला, ते फोनवरून कसं सांगणार?

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोन येतो. पलीकडून एखादे काका विचारतात, “डार्क मोड लावला तर बॅटरी वाचेल का हो?” प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर काकांच्या फोनचा पडदा कुठल्या प्रकारचा आहे यावर ठरतं, आणि तो पडदा काउंटरवरच्या मुलीला दिसत नाही.

फोनच्या पडद्यांचे मुख्य प्रकार दोन. एलसीडीत मागे एक दिवा सतत जळत असतो. चित्र काळं झालं तरी तो जळतोच, फक्त त्याचा उजेड पुढे येताना अडवला जातो. त्यामुळे डार्क मोडने तिथे बॅटरी जवळजवळ वाचत नाही. ओलेडमध्ये, आणि अमोलेड त्यातलाच, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. पूर्ण काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, म्हणून तिथे बचत होते. किती होते, ते ब्राइटनेसवर आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये काही ओलेड फोनवर मोजून पाहिलं. ब्राइटनेस पूर्ण असताना डार्क मोडने सरासरी 39 ते 47 टक्के वीज वाचली. आपण घरात ठेवतो तशा 30 ते 50 टक्के ब्राइटनेसला मात्र बचत 3 ते 9 टक्केच होती.

काकांना “हो, वाचते की” असं ठोकून देणं सोपं आहे. पण पडदा एलसीडी निघाला तर ते उत्तर खोटं ठरतं. “आपल्या डिस्प्लेच्या प्रकाराची माहिती आमच्याकडे उपलब्ध नाही, कृपया कंपनीशी संपर्क साधावा” हे खरं आहे, पण ते ऐकून माणूस होता तिथेच राहतो. मला पटतं ते उत्तर असं:

“काका, ब्राइटनेस कमी केलात तर बॅटरी नक्की वाचेल, फोन कुठलाही असो. डार्क मोडचं पडद्यावर आहे, आणि तुमचा पडदा मला इथून दिसत नाही. रात्री खोलीतला दिवा घालवा, ब्राइटनेस पूर्ण करा आणि एक पूर्ण काळा फोटो उघडा. पडदा मिट्ट काळोखात गेला तर डार्क मोडचा फायदा आहे. करडा उजेड राहिला तर फारसा नाही.”

यात पहिलं वाक्य खात्रीच्या गोष्टीचं आहे, म्हणून पुढचं “दिसत नाही” हे टाळाटाळीचं वाटत नाही. नकार एकदाच आला आहे आणि त्याला माफीची शेपटी नाही. “क्षमस्व” दोनदा म्हटलं की बोलणाऱ्याला पुढे काही सांगायचंच नाही असं वाटू लागतं. आणि “ओलेड आहे की एलसीडी?” असा प्रश्न काकांवर टाकलेला नाही. ते माहीत असतं तर त्यांनी फोन कशाला केला असता? त्यांना डोळ्यांनी दिसेल अशी गोष्ट विचारली आहे, आणि दोन्ही उत्तरं आधीच देऊन टाकली आहेत. त्यांना परत फोन करायची गरज नाही.

मॉडेलचं नाव विचारून भागत नाही का? बऱ्याचदा भागतं, पण नाव पुरतं ऐकावं लागतं. आयफोन 11 चा पडदा एलसीडी आहे आणि आयफोन 11 प्रोचा ओलेड, आणि बोलताना “प्रो” सहज गळतो. त्याहून मोठी अडचण बदललेल्या पडद्याची. मूळ ओलेड फुटला की स्वस्तात मिळणारा एलसीडी बसवून दिला जातो, आणि ते ग्राहकाला ठाऊक असतंच असं नाही. फोनच्या सेटिंगमध्येही पडद्याचा प्रकार सहसा लिहिलेला नसतो. म्हणून अंधाऱ्या खोलीतली परीक्षा मॉडेलच्या नावापेक्षा भरवशाची. मात्र फोटो खरोखर काळा हवा. पुष्कळ अ‍ॅपचा डार्क मोड गडद करडा असतो आणि त्यावरून फसगत होते.

जिथे प्रकाराने फरक पडत नाही, तिथे तो विषय काढूच नये. काच कशाने पुसायची असं कुणी विचारलं तर मऊ, किंचित ओलसर कापड सांगावं आणि थांबावं. तिथे “तुमचा पडदा कुठला ते माहीत नाही” म्हणणं हा प्रामाणिकपणाचा देखावा आहे.

जपून बोलायचं ते डागाबद्दल. “वरच्या बाजूला बॅटरीच्या चिन्हाची पुसट छाया कायम दिसते,” असं एखादी ताई सांगते. ओलेडमध्ये तिथले ठिपके जास्त झिजलेले असू शकतात, आणि ती झीज भरून येत नाही. एलसीडीत अशी छाया बहुधा काही वेळाने विरते. इथे अंदाजाने बोललं तर ताईचे काही हजार रुपये उगाच जातील. म्हणून सांगावं: “ताई, पडदा न बघता बदला असं मी म्हणणार नाही. आज रात्रभर फोन बंद ठेवा. सकाळी छाया गेली असेल तर खर्चाचं काही काम नाही. तशीच असेल तर फोन घेऊन या, आपण दोघं मिळून बघू.”