बाबांना ॲडमिट करताना

वयस्कर माणसाला हॉस्पिटलमध्ये न्यायचं ठरलं की घरात आधी कपड्यांची बॅग भरायला घेतात. खरं तर आधी भरायला हवी ती औषधांची आणि कागदांची पिशवी. समजा, ७६ वर्षांच्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. त्यांना मधुमेह आणि बीपी आहे, काही वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला आहे.

त्यांची चालू औषधं डबीत सुटी काढून नेऊ नयेत, मूळ पाकिटांसकट न्यावीत. सोबत एका कागदावर प्रत्येक गोळीचं नाव, त्यातला घटक, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी आणि शेवटची कधी घेतली, हे लिहावं. घटक लिहायचा तो एवढ्यासाठी की हॉस्पिटलमध्ये बीपीची तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने मिळते. नाव वेगळं दिसतं म्हणून घरची गोळीही दिली, तर डोस दुप्पट होतो. म्हणूनच भरती झाल्यावर नर्सला विचारल्याशिवाय पिशवीतलं एकही औषध देऊ नये. डोळ्यांचे थेंब, इन्हेलर, इन्सुलिन, झोपेची गोळी, रोजचं चूर्ण, गुडघेदुखीची गोळी हेही यादीत हवंच. स्टेंटनंतर रक्त पातळ राहावं म्हणून दिलेली क्लोपिडोग्रेलसारखी गोळी तर ठळक लिहावी. ती ऑपरेशनआधी बंद करायची का आणि किती दिवस, हे सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवायचं. घरच्यांनी परस्पर बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, तशीच चालू ठेवली तर रक्तस्राव वाढू शकतो.

जुन्या फाइलीतला प्रत्येक कागद न्यायची गरज नाही. स्टेंटच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, शेवटचे ईसीजी आणि टूडी इको, अलीकडचे साखर व क्रिएटिनिनचे रिपोर्ट नवा वर, जुना खाली असे लावावेत. आजच्या ईसीजीत काही वेगळं दिसलं, तर ते कालचं की पाच वर्षांपूर्वीचं, हे जुना ईसीजी सांगतो. तो नसला तर जास्तीच्या तपासण्या होतात आणि ऑपरेशनही पुढे जाऊ शकतं. औषधाची ॲलर्जी असेल तर फाइलीच्या पहिल्याच पानावर लिहावी. विम्याचं कार्ड आणि आधार त्याच फाइलीत ठेवावं.

मग रोजच्या वस्तू. त्यात चष्मा, कानाचं मशीन आणि त्याचे जादा सेल सगळ्यांत महत्त्वाचे. ऑपरेशननंतर बऱ्याच वृद्धांना भ्रम होतो, दिवस-रात्र कळत नाही, समोरच्याचं नाव आठवत नाही. नीट दिसत-ऐकू येत नसेल तर हा गोंधळ वाढतो, म्हणून शुद्धीवर येताच या दोन वस्तू लगेच द्याव्यात. समोर दिसेल असं मोठ्या आकड्यांचं घड्याळही उपयोगी पडतं. कवळीला नाव लिहिलेली झाकणाची डबी हवी. कागदात गुंडाळून जेवणाच्या ताटात ठेवलेली कवळी हमखास ताटासोबत जाते. पुढून बटणांचे सैल सदरे आणि मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला घ्याव्यात, कारण रात्री बाथरूमला उठताना सुट्या स्लिपरांनी पाय घसरतो. अंगठी आणि चेन घरीच काढून ठेवावी.

औषधांच्या यादीची एक प्रत फाइलीत आणि एक फोटो सोबत राहणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा. रात्रपाळीचे डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर द्यायला मोठा मुलगाच हजर असेल, असं नाही.