अग्रहक्काचा भाग आणि सामान्य भाग : रांगेत पुढे, पण कोणाच्या?



कंपनीच्या भागांत दोन जाती असतात. एकाला बाजारात इक्विटी शेअर म्हणतात. त्याला आपण सामान्य भाग म्हणू. दुसरा प्रेफरन्स शेअर; तो अग्रहक्काचा भाग. हा अग्रहक्क शब्द मोठा भारदस्त आहे. तो कानी पडला की साध्या माणसाला वाटते, काही झाले तरी आपले पैसे सर्वांच्या आधी मिळणार. हा समज अर्धाच खरा आहे. अग्रहक्काचा भागधारक रांगेत पुढे उभा असतो. पण तो कोणाच्या पुढे उभा आहे, आणि खिडकीपाशी पोचल्यावर त्याच्या पदरात किती पडावयाचे, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून त्या शब्दाला अर्थ येत नाही.

आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. ताळेबंद वाचावयास आम्हांला कोणत्या कॉलेजाने शिकविले नाही. पगारवाढीची बोलणी करताना ‘कंपनीला परवडत नाही’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकले, की अखेर न परवडणाऱ्या पैशांची वाट कोठे जाते ते पाहण्यासाठी ताळेबंद उघडावा लागला. तेथे जे समजले ते हिशेबाच्या भाषेतच सांगतो.

एक कंपनी कल्पू या. तिने शंभर रुपयांचा एक असे अग्रहक्काचे एक लाख भाग काढले. भांडवल एक कोटी, लाभांश ठरलेला ८ टक्के. दहा रुपयांचे सामान्य भाग वीस लाख. भांडवल दोन कोटी, लाभांश काहीच ठरलेला नाही. म्हणजे अग्रहक्कवाल्यांचे वर्षाचे मागणे आठ लाखांचे. ते पुरे झाल्यावाचून सामान्य भागाला एक पैही देता येत नाही.

पहिल्या वर्षी कंपनीला नफाही झाला नाही, तोटाही झाला नाही. लाभांश नफ्यातूनच द्यावयाचा असतो, तेव्हा दोघेही रिकाम्या हातांनी परतले. दुसऱ्या वर्षी वाटण्याजोगा नफा सहा लाख झाला आणि तो सर्व वाटावयाचे ठरले. सहाच्या सहा लाख अग्रहक्कवाल्यांकडे गेले, तरी त्यांचे समाधान झाले नाही. तिसऱ्या वर्षी मात्र वाटण्याजोगा नफा चाळीस लाख झाला. आता कोणाला किती?

येथे भागाच्या कागदावरचा एक शब्द महत्त्वाचा ठरतो : क्युम्युलेटिव्ह, म्हणजे संचयी. भाग संचयी असेल तर न मिळालेला लाभांश बुडत नाही, साचत जातो. पहिल्या वर्षाचे आठ लाख आणि दुसऱ्या वर्षाचे राहिलेले दोन लाख मिळून दहा लाख मागली बाकी, आणि चालू वर्षाचे आठ. असे अठरा लाख आधी अग्रहक्काकडे जातील. उरलेले बावीस लाख सामान्य भागाला मिळू शकतील, म्हणजे ११ टक्के. भाग संचयी नसेल तर गेले ते गेले. अग्रहक्काला फक्त आठ लाख, आणि सामान्य भागाला बत्तीस लाख, म्हणजे १६ टक्के. एका शब्दाने दहा लाख रुपये एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली असेल. चांगल्या वर्षी सामान्य भागाला ११ किंवा १६ टक्के मिळाले, अग्रहक्काला चालू वर्षाचे आठच. नफा चार कोटी झाला असता तरी त्याला आठच मिळाले असते. पुढे उभे राहण्याची ही किंमत आहे : पुढे आहे त्याचे माप भरलेले, मागे आहे त्याच्या मापाला काठ नाही.

आता कोणी शंका काढील, की साचलेली बाकी हे कर्जच झाले. कोर्टात जाऊन वसूल का करू नये? तसे करता येत नाही. लाभांश जाहीर होईपर्यंत तो देणे होत नाही. नफा असूनही तो जाहीर न करता गंगाजळीत टाकण्याची मुभा कंपनीला आहे. त्यावर २०१३ च्या कंपनी कायद्याने एक उतारा ठेवला आहे. एरवी अग्रहक्कवाल्याला फक्त त्याच्या हक्कांना थेट धक्का लावणाऱ्या, कंपनी गुंडाळण्याच्या किंवा भांडवल परत करण्याच्या ठरावांवर मत असते. पण दोन वर्षे किंवा अधिक काळ लाभांश थकला, तर त्याला सर्वच ठरावांवर मत मिळते. तेव्हा लाभांश थकलेल्या कंपनीत अग्रहक्कवाल्याने पाहावयाचे ते हे, की सभेत आपल्या मतांची मोजणी होते आहे की नाही.

येथपर्यंत चालत्या कंपनीची गोष्ट झाली. आता कंपनी बंद झाल्याची पाहू. मालमत्ता विकून आलेला पैसा वाटण्याचा क्रम २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या ५३ व्या कलमात दिला आहे. आधी त्या प्रक्रियेचा खर्च. मग एकाच पायरीवर दोघे : कामगारांचे मागील चोवीस महिन्यांचे देणे, आणि आपले तारण सोडून दिलेले तारणवाले सावकार. त्यांच्यामागे इतर नोकरांचे बारा महिन्यांचे पगार. मग बिनतारणाचे वित्तीय सावकार. मग सरकारचे देणे. मग राहिलेले सर्व देणेकरी. एवढे सर्व उरकल्यावर सातव्या पायरीवर अग्रहक्काचे भागधारक आणि आठव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर सामान्य भागधारक. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी फंड यांची रक्कम तर या वाटपाच्या बाहेरच राहते.

पाहा, आठांच्या रांगेत अग्रहक्क सातवा आहे! तो फक्त एकाच्या पुढे आहे.

हे नुसते कागदावरचे नाही. पश्चिम बंगालमधील पानागढ येथे मॅटिक्स कंपनीचा खत कारखाना उभारणाऱ्या बांधकाम कंपनीचे पैसे थकले होते. त्या थकबाकीपैकी २५० कोटींच्या बदल्यात तिने मॅटिक्सचे ८ टक्क्यांचे, संचयी आणि मुदतीनंतर परतफेडीचे असे अग्रहक्काचे भाग घेतले. मुदत उलटली, परतफेड झाली नाही. बांधकाम कंपनीही स्वतः दिवाळखोरीत गेली होती, आणि तिच्या वतीने मॅटिक्सविरुद्ध वित्तीय सावकार म्हणून अर्ज करण्यात आला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. भागापोटी दिलेली रक्कम हे भांडवल आहे, कर्ज नव्हे. अशा भागांची परतफेड नफ्यातून किंवा नव्या भागांच्या पैशांतूनच करता येते. ती झाली नाही म्हणून भागधारक सावकार होत नाही. ज्या दिवशी बिलाच्या जागी भाग आला, त्या दिवशी ती कंपनी देणेकऱ्यांच्या रांगेतून उठून मालकांच्या रांगेत जाऊन बसली.

आमच्या कामगार बंधूंना यातून एकच व्यवहार सांगावयाचा आहे. थकलेल्या पगाराच्या बदल्यात ‘आठ टक्क्यांचे अग्रहक्काचे भाग देतो’ असे कोणी म्हणाले, तर त्या सहीने आपण दुसऱ्या पायरीवरून सातव्या पायरीवर उतरतो. मग खाली उतरण्याचा मोबदला काय, हे आधी विचारावे.

आता आपल्या कल्पित कंपनीकडे वळू. देणेकऱ्यांची फेड झाल्यावर सत्तर लाख उरले, तर अग्रहक्काला रुपयास सत्तर पैसे आणि सामान्य भागाला शून्य. दोन कोटी उरले, तर अग्रहक्काचा एक कोटी पुरा परत आणि सामान्य भागाला रुपयास पन्नास पैसे. येथवर सरळ आहे. पण गावाबाहेरची जमीन गावात आली, तिला सोन्याचा भाव आला, आणि सहा कोटी उरले तर? एक कोटी अग्रहक्काचे, दोन कोटी सामान्य भागाचे परत गेले. वरचे तीन कोटी कोणाचे?

याचे उत्तर कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये शोधावे लागते. याविषयीचे दोन गाजलेले निकाल इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचे आहेत. ब्रिजवॉटर नॅव्हिगेशन या कालव्याच्या कंपनीने आपला धंदा विकला. तिच्या नियमावलीत लाभांशातील अग्रहक्क सांगितला होता, पण कंपनी मोडल्यावरच्या शिलकीविषयी ती गप्प होती. १८८९ साली ठरले, की शिलकीत अग्रहक्कवाल्यांनाही वाटा आहे.

दुसरा खटला स्कॉटलंडच्या विल्सन्स अँड क्लाइड कोल कंपनीचा. खाणीत चिरडलेल्या एका मजुराच्या दाव्यात, १९३७ साली, सुरक्षिततेची जबाबदारी मालकाला दुसऱ्यावर ढकलता येत नाही असा निकाल लागला, तो याच कंपनीविरुद्ध. १९४७ च्या आरंभी ब्रिटनच्या कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. कंपनीजवळ धंदा उरला नाही; नुकसानभरपाई यावयाची राहिली. तेव्हा कंपनीने मोडण्यापूर्वीच अग्रहक्कवाल्यांचे भांडवल परत करावयाचे ठरविले. त्यांनी हरकत घेतली : आम्हांला आताच वाटेला लावून शिलकीतील आमचा वाटा तुम्ही बुडविता. या वेळी नियमावली गप्प नव्हती. मोडताना अग्रहक्काला भरलेले भांडवल आधी परत मिळेल, असे तीत लिहिले होते. १९४९ साली लॉर्डांनी बहुमताने ठरविले, की हक्क जेथे लिहून ठेवला आहे तेथे तो लिहिला तेवढाच. शिलकीत वाटाच नाही, तर तो बुडविण्याचा प्रश्न कोठून येतो?

म्हणजे आपल्या कंपनीच्या नियमावलीत विल्सन्ससारखे वाक्य असेल, तर तीनही कोटी सामान्य भागाकडे जातील, आणि दहा रुपयांच्या भागाला एकूण पंचवीस रुपये मिळतील. शिलकीतही प्रमाणात वाटा द्यावा असे लिहिले असेल, तर एक कोटी अग्रहक्काला आणि दोन कोटी सामान्य भागाला. साचलेल्या लाभांशाची बाकी मोडताना भांडवलाबरोबर मिळावयाची की नाही, हेही तेथेच पाहावयाचे.

तेव्हा असा भाग कोणी पुढे केला, तर टक्क्यांचा आकडा शेवटी वाचावा. आधी तीन ओळी शोधाव्या : लाभांश साचतो का, परतफेडीची मुदत केव्हाची, कारण अशा भागांची परतफेड साधारणतः वीस वर्षांच्या आत झाली पाहिजे असा कायदा आहे, आणि कंपनी मोडल्यास भांडवलापलीकडे काही मिळावयाचे की नाही. त्यानंतर ताळेबंदातील कर्जाचा आकडा पाहावा, कारण ती सर्व माणसे आपल्या पुढे उभी आहेत. अग्रहक्काच्या माणसामागे एकटा सामान्य भागधारक उभा असतो. आणि जमिनीला भाव आला, तर शेवटी हसत घरी जातो तोही बहुधा तोच.