अ ते ब: तेरा की दहा?

संगणक अभियांत्रिकीच्या अल्गोरिदमच्या पेपरात एक प्रश्न वारंवार भेटतो. चार-पाच गावे दिलेली असतात, त्यांच्यामधले एकेरी रस्ते आणि त्यांची लांबी दिलेली असते आणि प्रत्येक गावाहून प्रत्येक गावापर्यंतचे सर्वांत कमी अंतर काढायचे असते. उत्तर एकाच तक्त्यात, पण तो तक्ता टप्प्याटप्प्याने भरून दाखवायचा. या रीतीला फ्लॉइड-वॉर्शल म्हणतात. स्टीफन वॉर्शल आणि रॉबर्ट फ्लॉइड या दोघांचे लेख १९६२ सालचे. वॉर्शलचा प्रश्न फक्त ‘पोहोचता येते की नाही’ एवढाच होता, अंतरे फ्लॉइडने आणली. फ्रान्समध्ये बर्नार रॉय यांनी हीच कल्पना १९५९ मध्येच मांडली होती, पण पाठ्यपुस्तकांनी नाव उचलले ते या दोन अमेरिकनांचे.

आपण अ, ब, क, ड अशी चार गावे घेऊ. अ ते क ९ किलोमीटर, अ ते ड ५, ब ते अ ३, क ते ब ४ आणि ड ते क १. सगळे रस्ते एकेरी. ओळ म्हणजे निघायचे गाव, स्तंभ म्हणजे पोहोचायचे गाव. थेट रस्ता नसेल तिथे अनंताचे चिन्ह.

```
      अ   ब   क   ड
अ     ०   ∞   ९   ५
ब     ३   ०   ∞   ∞
क     ∞   ४   ०   ∞
ड     ∞   ∞   १   ०
```

इथून पुढे बहुतेक विद्यार्थी सूत्र आठवू लागतात. त्याआधी तक्ता नेमके काय सांगतो आहे हे विचारायला हवे. वरचा तक्ता सांगतो: वाटेत कुठल्याही गावाला थांबायची परवानगी नसेल तर अंतर इतके. पुढच्या टप्प्यात फक्त अ या गावातून जायची मुभा मिळते. त्यानंतर अ आणि ब या दोन्हींतून, मग क धरून तिन्हींतून आणि शेवटी चारही गावांतून. दर टप्प्याला मुभा एका गावाने वाढते, एवढीच या रीतीची कल्पना. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात ते इथे हेच: लहान मुभेचे उत्तर लिहून ठेवायचे आणि मोठ्या मुभेचे उत्तर त्यावरून काढायचे.

नवे गाव खुले झाले की प्रत्येक रकान्यासमोर दोनच पर्याय उरतात. एक तर त्या गावात न जाता जुनेच अंतर ठेवायचे, नाहीतर आधी त्या गावापर्यंत जायचे आणि मग तिथून पुढे. दुसऱ्या पर्यायाचे दोन्ही तुकडे जुन्या तक्त्यात तयार असतात. त्यांची बेरीज जुन्या आकड्यापेक्षा कमी निघाली तर आकडा बदलायचा.

अ खुले झाले. अ पर्यंत पोहोचू शकते फक्त ब, ३ किलोमीटरमध्ये. म्हणून ब ते क होते ३ अधिक ९, म्हणजे १२, आणि ब ते ड होते ८. बाकी काही हलत नाही. मग ब खुले झाले. ब पर्यंत रस्ता आहे फक्त क चा, ४ किलोमीटरचा. त्यामुळे क ते अ ७ होते आणि क ते ड १२. या १२ मधले ८ आपण नुकतेच, मागच्या टप्प्यात मिळवलेले. क खुले झाल्यावर अ ते ब पहिल्यांदाच शक्य होते: ९ अधिक ४, म्हणजे १३. ड ते अ ८ आणि ड ते ब ५ हेही याच टप्प्यात येतात.

शेवटी ड खुले होते आणि खरी गंमत होते. अ ते ड ५ आणि ड ते क १, म्हणून अ ते क ९ वरून ६ वर येते. अ ते ब साठी अ ते ड ५ आणि ड ते ब ५, म्हणून १३ चे १० होतात. ब ते क सुद्धा १२ वरून ९ होते.

```
      अ   ब   क   ड
अ     ०  १०   ६   ५
ब     ३   ०   ९   ८
क     ७   ४   ०  १२
ड     ८   ५   १   ०
```

हाताने सोडवताना एक सवलत आहे. जे गाव खुले होते त्याची स्वतःची ओळ आणि स्वतःचा स्तंभ त्या टप्प्यात बदलत नाहीत, कारण त्या गावातून त्याच गावात जायला शून्य लागते. कर्णावरची शून्ये सोडली तर चार गावांच्या गणितात दर टप्प्याला सहाच रकाने तपासावे लागतात. सोळाच्या सोळा बेरजा मांडणाऱ्याचा वेळ इथेच जातो.

आता प्रोग्रॅम. तो इतका छोटा आहे की पाठ करण्याचा मोह होतो:

```
for k in range(n):
    for i in range(n):
        for j in range(n):
            if d[i][k] + d[k][j] < d[i][j]:
                d[i][j] = d[i][k] + d[k][j]
```

यात `k` म्हणजे नव्याने खुले झालेले गाव. ते सर्वांत बाहेरच्या फेरीत हवे. पाठ करणाऱ्यांपैकी काहीजण `i`, `j`, `k` असा क्रम लावतात, कारण तो वर्णमालेसारखा सरळ वाटतो. मग काय होते ते आपल्याच उदाहरणात पाहा. अ ते ब हा रकाना अगदी सुरुवातीला येतो आणि चारही गावे त्याच्यापुरती तिथल्या तिथे तपासली जातात. क मधून १३ मिळतात. ड मधून काहीच मिळत नाही, कारण ड ते ब अजून अनंतच आहे. प्रोग्रॅम पुढे सरकतो आणि या रकान्याकडे पुन्हा फिरकत नाही. उत्तर राहते १३.

ही चूक ओळखायला उत्तरसूची लागत नाही. त्या चुकलेल्या तक्त्यात अ ते क ६ असते आणि क ते ब ४ असते. मग अ ते ब १३ कसे? दोन तुकड्यांची बेरीज पूर्ण अंतरापेक्षा कमी निघाली की तक्ता स्वतःच कबुली देतो. पेपर देण्याआधी संशयास्पद वाटणारे दोन-तीन रकाने असे ताडून पाहायला मिनिटभर पुरते.

दुसरा सापळा अनंताचा. कागदावर अनंतात काही मिळवले तरी अनंतच. सी भाषेत मात्र बरेचजण अनंताच्या जागी `INT_MAX`, म्हणजे मावणारी सर्वांत मोठी पूर्णांक संख्या, लिहितात. तिच्यात ४ मिळवले की संख्या मर्यादेबाहेर जाते आणि सहसा मोठी ऋण संख्या हाती येते. ती अर्थातच सगळ्यांपेक्षा लहान, त्यामुळे नसलेला रस्ता सर्वांत जवळचा ठरतो. म्हणून कुठल्याही खऱ्या मार्गापेक्षा मोठी, पण दुप्पट झाली तरी मावेल अशी संख्या घ्यावी.

रीत सुंदर असली तरी स्वस्त नाही. तीन फेऱ्या एकात एक, म्हणजे हजार गावांना शंभर कोटी तुलना. रस्ते विरळ असतील आणि लांबी ऋण नसेल, तर प्रत्येक गावाहून डायक्स्ट्राची रीत वेगवेगळी चालवणे बहुधा परवडते.

ऋण लांबी ही परीक्षकांची आवडती जागा. रस्त्याची लांबी ऋण नसते हे खरे, पण खर्चाचा हिशेब मांडला तर एखाद्या टप्प्यावर फायदा होऊ शकतो. डायक्स्ट्रा तिथे फसू शकतो, ही रीत फसत नाही. अडचण येते ती फेरी मारून परत आल्यावर एकूण बेरीज ऋण भरली तर. समजा, ब ते अ ३ ऐवजी उणे ११ केले. अ, ड, क, ब आणि परत अ ही फेरी आता उणे १ ची झाली. जितक्या फेऱ्या माराल तितके अंतर कमी, मग ‘सर्वांत कमी’ याला अर्थच उरत नाही. तक्ता हे कर्णावर दाखवतो. अ खुले झाल्यावर ब ते ड उणे ६ होते. ब खुले झाल्यावर क ते ड उणे २ होते. क खुले झाल्यावर ड ते ड काढायचे तर ड ते क १ आणि क ते ड उणे २, बेरीज उणे १. कर्णावरचे शून्य खाली उतरले. या रकान्यापाशी ‘ऋण चक्र आहे, त्यातल्या गावांना सर्वांत कमी अंतर नाही’ असे लिहून थांबायचे. चौथा टप्पा भरण्यात अर्थ नाही.