जाहिरात नाही, तर प्रस्तावाचं पत्र

गटाच्या बैठकीत आम्हाला सारखं विचारलं जातं, “ताई, लेकीचं बीए झालं, बीकॉम झालं. अनुभव कुठं मिळंल?” केंद्र सरकारची पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 मध्ये सुरू झाली, पण ती देशातल्या पहिल्या पाचशे मोठ्या कंपन्यांसाठी. आपल्या किनवट तालुक्यातली पाच-सहा माणसांची डाळमिल त्यात येत नाही, आणि असा मालक जाहिरातही देत नाही. मग आपणच काम शोधायचं आणि तीन महिन्यांचा प्रस्ताव लिहून न्यायचा.

बहुतेक पोरी पत्रात लिहितात, “मला कोणतंही काम द्या, मी शिकायला तयार आहे.” हे वाचून मालकाला पहिल्यांदा स्वतःच विचार करावा लागतो की हिला काय द्यावं. तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. म्हणून काम आपण ठरवून न्यायचं, आणि ते त्याच्या मिलमध्ये डोळ्यानं दिसणारं हवं.

उदाहरण म्हणून शेतकरी कंपनीची एक छोटी डाळमिल धरू. पोरीनं आधी दोन वेळा भरडाईला तूर घेऊन जायचं आणि नुसतं बघायचं. समजा तिथं आलेल्या तुरीचं वजन लिहितात, पण निघालेली डाळ, चुनी आणि टरफल वेगळं लिहीत नाहीत. म्हणजे कोणत्या मालातून किती डाळ उतरली, हे कोणालाच सांगता येत नाही. एका क्विंटल तुरीतून एकदा 70 किलो डाळ आली आणि दुसऱ्यांदा 66 किलो, तर फरक 4 किलोचा. डाळ शंभर रुपये किलो धरली तर क्विंटलमागं चारशे रुपये. पत्राचा जीव इथं आहे. ते असं लिहिता येईल:

“मा. संचालक साहेब, स.न.वि.वि.
विषय: डाळीच्या उताऱ्याची नोंद, तीन महिन्यांचं काम.
आपल्या मिलमध्ये दोनदा आले, तेव्हा तुरीचं वजन लिहिलेलं दिसलं, डाळीचं नाही. मी जानेवारी ते मार्च, आठवड्यातून चार दिवस, दहा ते दोन येईन. पहिल्या महिन्यात प्रत्येक मालाची तूर, डाळ, चुनी, टरफल वजन करून लिहीन. दुसऱ्या महिन्यात कमी उताऱ्याचे माल वेगळे काढून ओलावा, किडका दाणा, वाळवण यांची नोंद ठेवीन. तिसऱ्या महिन्यात एका पानाचा तक्ता देईन आणि आपल्या कामगाराला वही लिहायला शिकवीन.
मला वजनकाटा वापरायची परवानगी, एसटीचं भाडं आणि शेवटी अनुभवाचं प्रमाणपत्र मिळावं. मशीनला हात लावणार नाही. आपले भाव आणि गिऱ्हाइकांची नावं बाहेर सांगणार नाही. पंधरा दिवसांनी काम बघा, पटलं नाही तर थांबू.”

खाली नाव, गाव, शिक्षण आणि फोन नंबर. एवढंच, एक पान. “विक्री दुप्पट करून देईन” असं लिहू नये, ते तिच्या हातात नाही. कमी उताऱ्याचं कारण सापडेलच, असंही लिहू नये. तूर ओली असली किंवा तेलपाणी दिल्यावर नीट वाळली नसली तर टरफल सुटत नाही. मशीनची सेटिंग बिघडली तर दाणा फुटून चुनी वाढते. एका हंगामाच्या नोंदीतून कुठं बघायचं ते कळतं, सगळी कारणं कळत नाहीत. जानेवारी निवडला तो यासाठी की तेव्हा नवी तूर येते. पावसाळ्यात हेच पत्र दिलं तर मोजायला फार माल नसेल.

भाड्याचं वाक्य पोरी लाजून गाळतात. गाळू नका. नाहीतर तीन महिन्यांत घरचेच पैसे जातात आणि दुसऱ्या महिन्यात येणं बंद पडतं. मशीनचंही लिहायलाच हवं, कारण फिरत्या पट्ट्यात ओढणी अडकते. दहा ते दोन ही वेळ आपल्या गावच्या परतीच्या गाडीप्रमाणे बदला.

पत्र फोनवर पाठवून मोकळं होऊ नये. छापून न्यावं, बाजाराचा दिवस सोडून, सकाळी काम सुरू होण्याआधी. सोबत गटातली एक बाई असली तर बरं, पण बोलायचं पोरीनंच. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा जाऊन विचारायचं. तरी नाही म्हटलं तर हेच पत्र दुसऱ्या मिलला जसंच्या तसं देऊ नये. तिथं डाळीची वही असेल आणि अडचण बारदान्याची असेल. पुन्हा जाऊन बघावं लागतं.

होकार मिळाला तर पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सही घ्या. तिसरा आठवडा आला तरी वही कोरी आणि पोरगी चहा आणतेय, झाडून काढतेय, असं दिसलं तर तीच प्रत घेऊन साहेबांसमोर बसायचं आणि पंधरा दिवसांचं वाक्य दाखवायचं. वजनं सुरू झाली तर ठीक, नाही तर तिथंच थांबायचं.