बरोबर पर्याय कोणता? पात्रता परीक्षेतील बालविकासाच्या प्रश्नांचा मागोवा

महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा पहिल्यांदा १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने त्याच वर्षी २३ ऑगस्टला पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी किमान अर्हता ठरवली आणि त्या अर्हतेत ही परीक्षा आली. केंद्राची परीक्षा २०११ मध्येच सुरू झाली होती. राज्याची परीक्षा पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेने त्यानंतर घेतली. पहिली ते पाचवीसाठी एक पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा, प्रत्येकी १५० प्रश्न आणि १५० गुण. त्यांपैकी ३० गुण ‘बालविकास व अध्यापनशास्त्र’ या भागाचे असतात. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तरीही निकाल बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आतच राहिला आहे.

भाषा, गणित किंवा परिसर अभ्यासाच्या प्रश्नात उत्तर माहीत असते किंवा नसते. बालविकासाच्या भागात चारही पर्याय माहितीचे वाटतात, कारण वर्गात त्या चारही गोष्टी कोणी ना कोणी करताना प्रत्येकाने पाहिलेले असते. त्यामुळे ‘आमच्या शाळेत काय करायचे’ ही आठवण उत्तराच्या आड येते.

सुरुवातीच्या परीक्षांत या भागातला मोठा वाटा स्मरणाचा होता. कोणता सिद्धांत कोणाचा, कोणती अवस्था कोणत्या वयाची, वाढ आणि विकास यांत फरक काय, अशा प्रश्नांसाठी डीएडची जुनी वही पुरत असे. असे प्रश्न आजही येतात. पण केंद्राच्या परीक्षेने रूढ केलेला प्रसंगाधारित प्रश्न हळूहळू राज्याच्या पेपरातही स्थिरावला. पियाजेचेच उदाहरण घेता येईल. जुना प्रश्न विचारतो, की उंच पेल्यातले पाणी जास्त आहे असे म्हणणारे मूल कोणत्या अवस्थेत आहे. उत्तर ‘पूर्वक्रियात्मक’, म्हणजे साधारण दोन ते सात वर्षे. नवा प्रश्न विचारतो, की पहिलीतले मूल असे म्हणाले तर शिक्षकाने काय करावे. इथे वही कामाला येत नाही. पाणी तेवढेच आहे असे तीन वेळा सांगणे, चुकीबद्दल हसणे, मुलाच्या बुद्धीविषयी शंका घेणे आणि मुलाच्या हातात पेले देऊन पाणी पुन्हा पहिल्या पेल्यात ओतायला लावणे, यांतला शेवटचा पर्याय योग्य. हे मूल ऐकून पटवून घेणारे नाही, पाहून आणि करून पटवून घेणारे आहे, एवढे ज्याला उमगले त्यालाच तो पर्याय दिसतो.

हा बदल कुठून आला, हे पाहिले की योग्य पर्याय ओळखण्याची चावीही मिळते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसे असावे ते सांगते: शिकणे कृतीतून आणि शोधातून व्हावे, शक्य तेवढे मातृभाषेतून व्हावे, मूल भीती आणि ताणापासून मुक्त असावे, मूल्यमापन सर्वंकष आणि सातत्याचे असावे. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले आणि आकारिक व संकलित हे शब्द शिक्षकाच्या रोजच्या वहीत आले. पुढे ज्ञानरचनावादाची चर्चा शाळाशाळांत पोहोचली आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या निर्णयाने प्रत्येक मूल शिकू शकते हे गृहीतक कागदावर पक्के झाले. प्रसंगाधारित प्रश्नाचा योग्य पर्याय या सगळ्याशी जुळणारा असतो. ज्याने कायदा पाठ केला पण त्यामागचे मूल पाहिले नाही, त्याला शिक्षेचा प्रश्न सुटतो आणि बाकीचे अडतात.

बीड जिल्ह्यात हे प्रश्न पुस्तकी राहत नाहीत. दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, आष्टी अशा भागांतून कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यावर जाते आणि गाळप संपेपर्यंत फडाजवळच्या कोपीत राहते. काही मुले आजीआजोबांजवळ राहून हंगामी वसतिगृहात जेवतात, काही आईबापांबरोबर जातात. अलीकडची पात्रता परीक्षा नोव्हेंबरात होत आली आहे: २०२१ मध्ये २१ तारखेला, २०२४ मध्ये १० तारखेला, २०२५ मध्ये २३ तारखेला. म्हणजे ज्या महिन्यात वर्ग रिकामा होऊ लागतो, त्याच महिन्यात उमेदवार ‘वंचित घटकातील बालक’ या मथळ्याखालचा प्रश्न सोडवत असतो.

अशा धर्तीचा एक प्रश्न मांडून पाहता येईल. चौथीतली मुलगी पाच महिने ऊसतोडीवर राहून परत आली. तिला भागाकार येत नाही. पहिला पर्याय: तिला तिसरीत बसवावे. दुसरा: पुढच्या वर्षी स्थलांतर करू नका असे पालकांना समजवावे. तिसरा: तिला नेमके काय येते ते पाहून चौथीतच ठेवून विशेष प्रशिक्षण द्यावे. चौथा: सुटलेले धडे वहीत उतरवून घ्यायला सांगावे. पहिला पर्याय कलम ४ च्या उलट आहे, कारण कायदा वयानुरूप वर्ग सांगतो. चौथ्याने वही भरते, भागाकार येत नाही. फसवा पर्याय दुसरा आहे. तो कळवळ्याचा वाटतो, आणि बीडच्या कोणत्याही शिक्षकाने ते बोलणे प्रत्यक्षात केलेलेही असते. पण प्रश्न त्या मुलीच्या शिकण्याचा आहे आणि उचल फेडण्याचा निर्णय शिक्षकाच्या हातात नाही. शिक्षकाच्या हातात आहे तो तिसरा पर्याय. तिला काय येते हे नीट पाहिले तर असे दिसू शकते, की मोळ्या मोजणे, काट्यावरचे वजन वाचणे, टनाचा हिशेब ऐकणे हे तिने फडावर रोज केले आहे. समान वाटणीची कल्पना तिच्याजवळ असू शकते, फक्त भागाकाराची मांडणी नसते. पूर्वज्ञानावर आधारित अध्यापन हे शब्द पाठ असलेल्या उमेदवाराला ‘पूर्वज्ञान’ म्हणजे आधीच्या इयत्तेचा धडा वाटतो. तो अर्थ अपुरा आहे.

तांड्यावरच्या शाळेत हेच भाषेच्या प्रश्नात येते. पहिलीतले मूल आईला ‘याडी’ म्हणते आणि चित्र पाहून गोरमाटीत बोलते. पालकांना घरी मराठी बोलायला सांगणे हा पर्याय अनेकांना व्यवहार्य वाटतो. योग्य पर्याय मात्र मुलाचा शब्द वर्गात स्वीकारून त्याच्याशेजारी मराठी शब्द ठेवण्याचा असतो. मुलाला विचार करता येत नाही असे नसते. तो विचार ज्या भाषेत येतो ती भाषा शिक्षकाला येत नाही. या दोन गोष्टींत गल्लत झाली की घरची भाषा हा मुलाचा दोष ठरतो, आणि चार पर्यायांपैकी निदान एक नेहमी त्या गल्लतीवर बेतलेला असतो.

चुकांचे प्रश्न सर्वांत शिकवणारे आहेत. तिसरीतला मुलगा ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहितो. पर्याय असे: आणखी दहा उदाहरणे सोडवायला द्यावीत, हातच्याचा नियम फळ्यावर पुन्हा समजावावा, त्याने कसे केले ते त्याच्याकडून ऐकून गठ्ठे-सुट्यांनी करायला द्यावे, हुशार मुलाशेजारी बसवावे. बरोबर उत्तर २५ आहे. मुलाने ७ मधून २ वजा केले आणि ५ मधून २. वर कोणता अंक, खाली कोणता, हे न पाहता मोठ्यातून लहान काढला. हा निष्काळजीपणा आहे की नियम आहे, हे एका उदाहरणाने कळत नाही. ६४ वजा ३८ दिले आणि पुन्हा ३४ आले, तर त्याच्या मनात स्वतःचा एक पक्का नियम आहे. कधी ३४, कधी २६, कधी काही वेगळे आले, तर गोष्ट वेगळी. नियम पक्का असेल तर आणखी दहा उदाहरणांनी तो दहा वेळा घट्ट होतो. म्हणून पहिला पर्याय निरुपयोगीच नाही, अपायकारक आहे. दुसरा पर्याय शिक्षकाचा नियम मुलाच्या नियमावर ठेवतो, पण खालचा तसाच राहतो. काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या समोर ठेवून सात सुट्या उचलायला सांगितल्या, की मुलगा स्वतःच अडतो, गठ्ठा सोडतो, आणि बारामधून सात काढतो.

चौथा पर्याय चाणाक्ष उमेदवाराला खुणावतो, कारण अधिक जाणत्याच्या मदतीने मूल पुढचे पाऊल टाकते हे वायगोत्स्कीचे म्हणणे त्याला आठवते. पण शेजारी बसणे म्हणजे मदत नव्हे. वायगोत्स्कीच्या मदतीत आधी मूल कुठे आहे ते पाहणे आले, आणि ते काम फक्त तिसऱ्या पर्यायात आहे. प्रश्नात ‘सर्वप्रथम’ हा शब्द असेल तर निदान उपचाराच्या आधी येते, एवढे लक्षात ठेवले तरी अनेक जोडपर्याय सुटे होतात.

शिकवणी वर्गांनी या प्रश्नांसाठी एक क्लृप्ती पसरवली: ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘कधीही’ असे शब्द असलेला पर्याय खोडा. ती बऱ्याचदा चालते, कारण मुलांबद्दलची टोकाची विधाने बहुतेक खोटी असतात. पण ‘शारीरिक शिक्षा कधीही देऊ नये’ हे विधान टोकाचे असून बरोबर आहे, आणि तिथे क्लृप्ती उमेदवाराला बुडवते. सर्वांत गोड पर्याय निवडा, ही दुसरी क्लृप्तीही तशीच. मुलाला वाईट वाटू नये म्हणून चूक दाखवूच नये, हा पर्याय गोड असतो आणि चुकीचाही.

परीक्षेची स्वतःची मर्यादाही या वर्षांत दिसली. परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, हरकती मागवते आणि मग अंतिम सूची देते. दोन पर्याय खरोखरच बरोबर ठरू शकतील असे प्रश्न तिथे वादाला येतात. पियाजेच्या वयोमर्यादा पेपरात काटेकोर धरल्या जातात, वर्गात त्या तशा नसतात. आणि दोन शिक्षकी शाळेत पहिली-दुसरी-तिसरी एकत्र बसलेली असताना काड्यांचे गठ्ठे घेऊन एका मुलाजवळ दहा मिनिटे बसायचे तर बाकीच्यांनी काय करायचे, हे चार पर्यायांत मावत नाही. तिथे शिक्षकाला गट, स्वयंअध्ययनाचे साहित्य आणि मोठ्या मुलांची मदत यांची जुळणी आधीच करून ठेवावी लागते.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात निकाल दिला आणि परीक्षार्थीचे वयच बदलले. कायदा येण्याआधी नेमलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येते, पण पदोन्नतीसाठी परीक्षा लागते. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला. त्यामुळे नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेला नव्या पदविकाधारकांबरोबर वीस-वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेले शिक्षकही बसले. ५२ वजा २७ च्या प्रश्नात नवा उमेदवार चौथ्या पर्यायाकडे झुकण्याचा संभव अधिक, कारण त्याला सिद्धांत ताजा आठवतो. जुना शिक्षक दुसऱ्याकडे झुकेल, कारण नियम पुन्हा समजावणे हेच त्याने आजवर केलेले असते. दोघांनाही तिसऱ्यापर्यंत पोहोचायला त्या मुलाचे ‘मी असे केले’ हे सांगणे ऐकावे लागते.